दांडीवरचा कोड आणि समोरची फ्रेम: एका चष्म्याची ओळख

ओळखीच्या एका बाईंनी वडिलांच्या चष्म्याचे फोटो पाठवले. उजव्या बाजूची बिजागरी भुवईच्या पट्टीतून उपटून आली होती आणि तिथलं प्लास्टिक तुटल्यामुळे ती परत बसवण्यासारखी राहिली नव्हती. काचा मात्र शाबूत होत्या, नंबर मोठा होता आणि डॉक्टरांनी तो नुकताच तपासून तोच कायम ठेवला होता. मागणी साधी होती: अगदी हीच फ्रेम शोधायची आणि जुन्या काचा तिच्यात बसवायच्या.

मागणी साधी असली, तरी तिच्यात एक अट दडलेली आहे. ‘असाच दिसणारा चष्मा’ हवा असता तर अंदाजे ओळख पुरली असती. जुन्या काचा नव्या फ्रेममध्ये घालायच्या तर मॉडेल तेच लागतं, आणि त्या मॉडेलचं मापही तेच लागतं. एकच फ्रेम दोन-तीन मापांत निघते. माप चुकलं तर काच खाचेत सैल बसते किंवा बसतच नाही. रंग इथे दुय्यम, माप मुख्य.

फोटो तीन प्रकारचे होते: समोरून काढलेला, डाव्या दांडीच्या आतल्या बाजूचा आणि उजव्या दांडीच्या आतल्या बाजूचा. बाईंनी सोबत लिहिलं होतं, “कंपनीचं नाव CE दिसतंय, इटलीची आहे, आणि २०१२ सालचं मॉडेल आहे. पण शोधून काहीच मिळत नाही.”

यातलं इटली तेवढं बरोबर. CE हे कंपनीचं नाव नाही. ती वस्तू युरोपीय संघाच्या नियमांत बसते अशी उत्पादकाने केलेली ती खूण आहे, आणि ती जगभरच्या असंख्य फ्रेमवर असते. २०१२ हेही साल नव्हतं, ते पुढे येईलच. अशी चूक करणारे खूप भेटतात, कारण दांडीवर जे सगळ्यात ठळक आणि ओळखीचं वाटतं तेच माणूस आधी उचलतो. ओळख पटवायला कामी येणारी अक्षरं बहुधा सगळ्यात बारीक असतात.

उजव्या दांडीवर रे-बॅनचं नाव, इटलीत बनवल्याचा मजकूर आणि ती CE खूण होती. म्हणजे ब्रँड कळला. मॉडेलचा कोड डाव्या दांडीवर होता, आणि तो धड वाचता येत नव्हता. कासवाच्या पाठीसारख्या तपकिरी-काळ्या नक्षीचं ते अर्धपारदर्शक अ‍ॅसिटेट प्लास्टिक होतं. असल्या दांडीला ताठपणा यावा म्हणून आतून धातूची एक तार घातलेली असते. अक्षरं वरच्या थरावर छापलेली आणि तार त्यांच्या बरोबर मागे, त्यामुळे फोटोत दोन्ही एकमेकांत मिसळतात. शिवाय कानाजवळ घाम आणि तेल लागून छपाई उडते. पहिल्या फोटोतून मला एवढंच मिळालं:

```
_B 515_  2012  51□21  145
```

अशा वेळी फोटो मोठा करून डोळे ताणण्यापेक्षा तो पुन्हा काढायला सांगणं बरं. दांडी आधी मऊ ओल्या कापडाने पुसायची. स्पिरिट वापरायचं नाही, त्याने उरलीसुरली छपाईही जाते. मग तिच्यामागे काळा कागद धरायचा, म्हणजे अर्धपारदर्शक भागातून मागचा उजेड येत नाही आणि तार दबते. फ्लॅश बंद ठेवायचा आणि खिडकीचा किंवा टॉर्चचा उजेड बाजूने, जवळजवळ दांडीला समांतर पाडायचा. शाई उडाली असली तरी अक्षरांच्या जागी पृष्ठभागाची चमक थोडी वेगळी राहते आणि तिरप्या उजेडात ती दिसते. एक किरकोळ गोष्ट, पण ती घोटाळा करते: सेल्फी कॅमेऱ्याने फोटो काढला तर काही फोन तो आरशातल्यासारखा उलटा साठवतात. अंकांच्या आधी अक्षरांची दिशा तपासावी.

नव्या फोटोत पहिलं अक्षर R आणि शेवटचा अंक 4 असल्याचं दिसलं. पूर्ण ओळ अशी झाली:

```
RB 5154  2012  51□21  145
```

आता ही ओळ डावीकडून वाचू. RB हा ब्रँडचा उपसर्ग, 5154 हा मॉडेलचा क्रमांक. 2012 हा रंगाचा कोड आहे. रे-बॅनच्या चष्म्यांमध्ये 2000 म्हणजे चकचकीत काळा आणि 2012 म्हणजे गडद हवाना, म्हणजेच ती कासवाच्या पाठीची नक्षी. त्यापुढे तीन मापं येतात. 51 ही एका काचेची आडवी रुंदी, 21 हे दोन काचांमधलं अंतर, म्हणजे ब्रिज, आणि 145 ही दांडीची लांबी, सगळी मिलिमीटरमध्ये. मधला छोटा चौकोन शोभेचा नाही. काचेभोवती तिला चारी बाजूंनी टेकणारा आयत कल्पून त्या आयताची रुंदी मोजली आहे, असं तो सांगतो. दांडीची लांबी बिजागरीपासून कानामागचं वळण धरून टोकापर्यंत मोजतात, सरळ रेषेत नाही.

RB 5154 म्हणजे रे-बॅनच्या क्लबमास्टर या फ्रेमचा नंबराच्या काचांसाठीचा अवतार. वर भुवईसारखी जाड पट्टी, खाली काचेभोवती धातूची बारीक कड, हे समोरच्या फोटोतही होतंच. पण इथे दोन ठिकाणी शोध भरकटतो. एक म्हणजे दांडीवर RB असलं तरी विक्रेत्यांच्या याद्यांत नंबराच्या फ्रेम RX5154 अशा, आणि कधी पुढे शून्य लावून 0RX5154 अशा सापडतात. दुसरं, नुसता फोटो टाकून शोधलं की RB 3016 समोर येते. तो गॉगलचा क्लबमास्टर, समोरून जवळपास जुळा भाऊच. त्याचे रंगही वेगळ्या पद्धतीने लिहितात, उदाहरणार्थ काळ्यासाठी W0365, आणि दांडीवर मापाशेजारी 3N सारखी खूण असते. त्यातला 3 हा काच किती उजेड अडवते त्याचा वर्ग आहे. आपल्या दांडीवर असं काही नव्हतं.

आकारावरून मॉडेल ठरवणं या बाबतीत फारच धोक्याचं. भुवईपट्टीची ही घडण रे-बॅनची नाहीच मुळी. अमेरिकेतल्या शुरॉन कंपनीने १९४७ मध्ये रॉन्सिर नावाने ती आणली आणि पुढे अनेकांनी उचलली. चेहरेपट्टीवर विसंबलं तर निम्म्या बाजारावर संशय घ्यावा लागेल. कोड असेल तर कोडच खरा, असं मी एरवी म्हणतो.

एरवी म्हणतो, कारण या प्रकरणात कोड खरा असूनही पुरला नाही.

RB 5154 बहुधा दोन मापांत दिसते: 49□21 सोबत 140 ची दांडी, आणि 51□21 सोबत 145 ची. दांडीवर 51 आणि 145 होतं, म्हणजे मोठं माप. मागवायला हरकत नव्हती. पण बाईंनी जाता जाता एक वाक्य लिहिलं होतं: “बाबांचा चष्मा मागे एकदा दुरुस्त केला होता, तेव्हापासून थोडा तिरका बसतो.” हे वाक्य मला खटकलं. जुना, दुरुस्त केलेला चष्मा असेल तर दांडीवरचा कोड त्या दांडीबद्दलच खात्रीने बोलतो. समोरच्या भागाबद्दल तो बोलतो ते दांडी मूळची आहे असं गृहीत धरून. दुरुस्ती करणारे दुसऱ्या तुटक्या चष्म्याची दांडी काढून बसवतात, मॉडेल एक असेल तर बिजागरी जुळते, आणि माप कोणी तपासत नाही.

म्हणून समोरचा भाग स्वतंत्रपणे मोजायचा ठरवलं. चष्मा माझ्याजवळ नव्हता, आणि बाईंकडे फूटपट्टी असली तरी जाड काचेवर ती धरून मिलिमीटरची खात्री देता येत नव्हती. तेव्हा फोटोवरूनच मोजायचं. त्याला ज्ञात लांबीची एखादी वस्तू शेजारी लागते. बँकेचं कार्ड यासाठी उत्तम, कारण त्याचं माप जगभर एकच असतं: लांबी ८५.६ मिलिमीटर. (कार्डाची मागची बाजू वर ठेवायला सांगू नये, आणि पुढचा क्रमांकही कागदाने झाकायला सांगावा. मोजायला फक्त कडा लागतात.)

त्यांनी टेबलावर कार्ड ठेवलं, शेजारी दांड्या मिटलेला चष्मा काचा वर करून ठेवला आणि वरून फोटो काढला. फोटोत कार्डाची लांबी १७१२ पिक्सेल भरली, म्हणजे एका मिलिमीटरला २० पिक्सेल. आता मोजायचं काय? एका काचेची रुंदी मोजायला बहुतेक जण धावतात, पण त्यात एक मेख आहे. काचेची धार फ्रेमच्या खाचेत साधारण अर्धा मिलिमीटर आत गेलेली असते, आणि दांडीवरचं माप त्या धारेपर्यंतचं असतं. त्यामुळे समोरून दिसणारी काच छापील मापापेक्षा सुमारे एक मिलिमीटर कमी भरते आणि ब्रिज तेवढाच जास्त. दोन मापांत फरकच दोन मिलिमीटरचा असताना एक मिलिमीटर असा गायब होणं परवडत नाही.

यावर सोपा उपाय आहे. एका काचेच्या डाव्या कडेपासून दुसऱ्या काचेच्या डाव्या कडेपर्यंत मोजायचं. दोन्ही ठिकाणी तीच कड असल्याने खाचेची चूक आपोआप कटते, आणि मिळते ती काच आणि ब्रिज यांची बेरीज. 51□21 असेल तर ती ७२ यायला हवी, 49□21 असेल तर ७०.

फोटोत हे अंतर १४४१ पिक्सेल आलं. वीसने भागलं तर ७२ पूर्णांक पाच शतांश. दांडी म्हणते 51, मोजमापही म्हणतं 51. इथे कोणीही फाइल बंद केली असती.

पण त्याच फोटोत काचेचा दिसणारा भाग ९८८ पिक्सेल होता आणि मधली मोकळी जागा ४५३. या दोन आकड्यांचं गुणोत्तर २.१८ येतं. गुणोत्तराला कार्ड लागत नाही, प्रमाणपट्टी लागत नाही. कॅमेरा कितीही जवळ असो, तो तिरपा नसेल तर एकाच पातळीतल्या दोन लांबींचं गुणोत्तर तेच राहतं. मोठ्या मापात दिसणारी काच ५० आणि दिसणारा ब्रिज २२, म्हणजे २.२७ यायला हवं होतं. लहान मापात ४८ भागिले २२, म्हणजे २.१८. गुणोत्तर सरळसरळ लहान मापाच्या बाजूने होतं.

दुसऱ्या शब्दांत, ब्रिज दोन्ही मापांत 21 च आहे, म्हणून तोच या चष्म्यावरची खरी मोजपट्टी आहे. फोटोत तो २२ ऐवजी साडेबावीसच्या वर भरत होता. म्हणजे काच मोठी नव्हती, संपूर्ण चष्माच कार्डाच्या मानाने थोडा फुगून दिसत होता.

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. कार्ड टेबलाला चिकटून होतं, आणि चष्म्याच्या काचा खाली मिटलेल्या दांड्यांमुळे टेबलापासून साधारण एक सेंटीमीटर वर होत्या. फोन किती उंचीवर होता विचारलं तर “एक वीत-दीड वीत” असं उत्तर आलं. ३५ सेंटीमीटर धरू. मग काचा कॅमेऱ्यापासून ३४ वर आणि कार्ड ३५ वर. जवळची वस्तू मोठी दिसते, आणि ती ३५ भागिले ३४ या पटीत, म्हणजे जवळपास तीन टक्क्यांनी. सत्तरचे तीन टक्के म्हणजे दोन मिलिमीटर. लहान माप मोठं दिसायला नेमकी एवढीच चूक पुरते.

दुसरा फोटो नीट मांडून काढायला सांगितला. कार्ड एका वहीवर ठेवून काचांच्या पातळीत आणायचं, फोन मीटरभर लांब न्यायचा आणि झूम करून फोटो काढायचा. लांबून काढलं की एक सेंटीमीटरची उंची एका टक्क्यावर येते, आणि कार्ड वर उचललं की ती चूकही जवळजवळ संपते. फोन चष्म्याच्या बरोबर मध्यावर हवा, तिरपा नको. या फोटोत बेरीज सत्तरच्या पाव मिलिमीटर अलीकडे-पलीकडे आली. फ्रेमच्या समोरच्या भागाला चेहऱ्याप्रमाणे किंचित बाक असतो, तेवढा फरक त्यात येणारच. सत्तर आणि बहात्तर यांत निवड करायची असताना तो आड येत नाही.

आता दांडीचा प्रश्न उरला. दोन्ही दांड्यांवर दोरा ठेवून, बिजागरीच्या स्क्रूपासून कानामागचं वळण धरून टोकापर्यंत, लांबी मोजायला सांगितली. डावी १४५ भरली, छापल्याप्रमाणे. उजवी १४०. या एका मोजणीने सगळं जुळलं. समोरचा भाग आणि उजवी दांडी मूळच्या 49□21 140 च्या, डावी नंतर मोठ्या मापाच्या चष्म्यावरून आणलेली. मॉडेलचा कोड फक्त डावीवर होता, म्हणजे संपूर्ण चष्म्यात मापाबद्दल बोलणारी एकमेव जागा उसनी होती. नक्षीवरून हे कळलं असतं का? नाही. हवाना अ‍ॅसिटेटची दोन तुकड्यांवरची नक्षी मूळच्या जोडीतही जुळत नसते, त्यामुळे डाव्या-उजव्या दांडीचा रंग किंचित वेगळा दिसणं हा पुरावा धरता येत नाही.

मोठ्या मापाची फ्रेम आली असती तर काय झालं असतं, तेही सांगतो. ४९ ची काच ५१ च्या कडेत प्रत्येक बाजूला एकेक मिलिमीटर कमी पडली असती. क्लबमास्टरची खालची कड धातूची असते आणि ती स्क्रूने आवळता येते, पण आवळून दोन मिलिमीटर भरून निघत नाहीत. काच कडेत फिरते किंवा गळून पडते. ती कशीबशी बसवली असती तरी दोन काचांच्या मध्यांमधलं अंतर दोन मिलिमीटरने वाढलं असतं. मोठ्या नंबराच्या काचेत डोळ्याची बाहुली काचेच्या प्रकाशीय मध्यासमोर नसेल तर डोकं दुखतं, आणि इथे नंबर मोठाच होता.

विक्रेत्याला जी ओळ द्यायला सांगितली ती अशी:

```
RX5154  2012  49□21  140
```

सोबत हेही सांगितलं की वस्तू हातात आल्यावर काचा घालण्याआधी डाव्या दांडीच्या आतला कोड वाचून घ्या, कारण यादीत एक माप आणि डब्यात दुसरं असं घडतं. नवी फ्रेम न वापरलेली असल्याने तिथे दांडीवरचा कोड निर्धास्त धरायला हरकत नाही. मात्र कोड बरोबर असणं हा अस्सल असल्याचा दाखला नव्हे. नकली माल बनवणारेही कोड छापतात, कधी कधी त्या मॉडेलला नसलेल्या रंगाच्या क्रमांकासकट. तसा मेळ न बसणारा क्रमांक दिसला तर मात्र तो पक्का संशय.

हीच पद्धत दुसऱ्या ब्रँडवर वापरताना उपसर्गांची भाषा बदलते. टॉम फोर्डच्या दांडीवर TF असतं आणि याद्यांत बऱ्याचदा FT. प्राडाच्या नंबराच्या फ्रेमवर VPR छापलेलं असतं, यादीत ते PR होतं आणि V क्रमांकाच्या शेवटी जातो. गुचीच्या मॉडेलच्या शेवटी नंबराच्या फ्रेमला इंग्रजी O आणि गॉगलला S येतो, आणि त्या O ला शून्य समजून शोधणाऱ्याला काहीच सापडत नाही. धूसर फोटोत 0 आणि O, 8 आणि B, 5 आणि S या जोड्यांवर म्हणूनच दोनदा थांबावं. मापाचे तीन आकडे मात्र बहुतेक ठिकाणी याच क्रमाने येतात, आणि उलट तपासणीलाही तेच उपयोगी पडतात: काच साधारण ४० ते ६० च्या दरम्यान, ब्रिज १४ ते २४, दांडी १३५ ते १५०. एखादा आकडा यात बसत नसेल तर तो बहुधा माप नाही, मॉडेल किंवा रंग आहे.

फ्रेम आली, कोड जुळला. काचा काढताना ऑप्टिशियनने मोकळी काच कॅलिपरने मोजली, ती धारेसकट ४९ भरली आणि नव्या कडेत बसली. उजवीकडचा स्क्रू जरा जास्त आवळावा लागला, कारण वर्षानुवर्षं वापरलेल्या काचेची धार एका कोपऱ्यात थोडी झिजली होती.